सहा आठवड्यांचे चेहऱ्याचे फोटो : डाग फिके झाले की उजेड बदलला?

सई_गिरगाव | १६ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गालांवर मुरमांचे तपकिरी डाग राहिलेत, दोन वर्षं झाली. मेच्या सुरुवातीला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रात्री लावायला अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड दिलं, सकाळी सनस्क्रीन, आणि सांगितलं की तीन-चार महिने धीर धरायचा, दर महिन्याला फोटो काढून ठेवायचा.

५ मे रोजी पहिला फोटो काढला, आज सहा आठवड्यांनी दुसरा. दोन्ही आमच्या खिडकीत, सकाळी साडेआठला, त्याच फोनने. खाली जोडलेत. मला तर जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. चेहरा उजळ, डाग मऊ. नवऱ्याला दाखवले तर तो म्हणाला, "छान." सासूबाईंनी चष्मा लावून फोटोंकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डाग होते तिथेच आहेत गं." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. खरं कुणाचं? आणि पुढचे फोटो कसे काढू म्हणजे तुलना रास्त होईल?

चिन्मय_ठाणे | १६ जून, रात्री १०:०५

ताई, खिडकी विसरा. रिंगलाइट घ्या, ब्यूटी मोड बंद करा, सेल्फी कॅमेऱ्याने हात पूर्ण ताणून फोटो काढा. हाताची लांबी काही बदलत नाही, म्हणजे अंतर आपोआप पक्कं. मी जिमचे फोटो दोन वर्षं असेच काढतोय.

शुभदा_पार्ले | १६ जून, रात्री १०:२२

सई, तुझे फोटो पाहिले, छान फरक आहे. मला दोन्ही गालांवर वांग आहे, बाळंतपणानंतर आलं ते गेलंच नाही. शेजारणीने एक ट्यूब दिली, औषधाच्या दुकानात नुसती मागितली तरी मिळते. तीन आठवड्यांत इतका फरक पडला की भाचीच्या साखरपुड्याला सगळे विचारत होते. तुझ्यापेक्षा लवकर. नाव हवं असेल तर व्यनि कर.

अनघा_मुलुंड | १६ जून, रात्री १०:४१

मला हा फोटोंचा प्रकारच पटत नाही. माझी बहीण रोज रात्री फोटो काढायची आणि रोज रात्री रडायची. आरशात बघा, औषध लावा, झोपा. डॉक्टर बघतील ना पुढच्या वेळी.

लालबागचे_काका | १६ जून, रात्री ११:३०

सई, मी निवृत्त माणूस. अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचा विभागात रुग्णांचे फोटो काढायचं काम केलं. आधी रिळावर, मग डिजिटल. तुझे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. सासूबाईंशी वाद घालू नकोस.

आधी पापण्या बघ. मेच्या फोटोत डाव्या डोळ्याच्या खालच्या पापण्यांचे केस एकेक मोजता येतात. आजच्या फोटोत तिथे नुसती करडी रेघ आहे, आणि खिडकीच्या गजाभोवती दुधाळ झाक पसरलीय. तुझ्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा आहे. क्रीम लावलेल्या बोटांनी फोन उचलला की हे हमखास होतं. अशा भिंगातून कुणाचेही डाग मऊच दिसतील. रुग्णालयात आम्ही प्रत्येक फोटोआधी भिंग पुसायचो, ते याचसाठी.

दुसरं, मागची भिंत. ती मेमध्ये पिवळसर आहे आणि आज निळसर. तुझ्या खिडकीसमोर काय आहे?

सई_गिरगाव | १७ जून, सकाळी ७:५०

काका, आत्ता भिंग बघितलं. अंगठ्याचा अख्खा ठसा होता.

समोर चाळ आहे. मेमध्ये तिच्या पिवळ्या भिंतीवर सकाळचं ऊन पडायचं. गेल्या आठवड्यात पावसासाठी त्यांनी वरपासून खालपर्यंत निळी ताडपत्री बांधली. आणि आणखी एक कबुली देते. काल फोटो काढायच्या आधी सनस्क्रीन लावून झालं होतं, ऑफिसला निघायची घाई होती. मेच्या फोटोत नुसता धुतलेला चेहरा आहे.

लालबागचे_काका | १७ जून, सकाळी ९:१५

म्हणजे तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि तिन्ही एकाच बाजूला ढकलणाऱ्या. ढगाळ उजेड सगळीकडून येतो, त्यात खळगे आणि सावल्या भरून निघतात. ताडपत्रीवरून आलेल्या निळसर उजेडाने त्वचेचा पिवळेपणा खाल्ला. वर सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर, म्हणजे पातळ मेकअपच झाला तो. आणि फोन गप्प बसत नाही. तो प्रत्येक फोटोत आपल्या मनाने रंग आणि उजेड बदलतो.

तरी हे फोटो फुकट गेले असं समजू नकोस. डाग आणि त्याला लागून असलेली स्वच्छ त्वचा एकाच फोटोत आहेत, दोघांवर उजेड जवळपास सारखाच पडलाय. उजेड वाढला तर दोन्ही उजळतील. म्हणून डाग किती गडद हे विचारू नकोस, शेजारच्या त्वचेच्या मानाने किती गडद हे विचार.

घरी संगणक असेल तर जिम्प नावाचा फुकट प्रोग्रॅम घे. त्यात कलर पिकर निवडून Sample average वर खूण कर, म्हणजे एका ठिपक्याऐवजी छोट्या भागाची सरासरी येईल. डाव्या गालावरचा तो मोठा डाग घे आणि त्याच्या अगदी शेजारची साफ जागा घे. दोन्हींचा हिरव्या रंगाचा आकडा लिहून पाठव. आकडे ० ते २५५ मध्ये येतील.

सई_गिरगाव | १७ जून, रात्री ८:३५

काका, केलं. ५ मे : डाग ११८, शेजारची त्वचा १४९. १६ जून : डाग १३१, त्वचा १६६.

लालबागचे_काका | १७ जून, रात्री ८:५८

आता भागाकार कर. ११८ भागिले १४९ म्हणजे ०.७९. १३१ भागिले १६६ म्हणजे तेही ०.७९. डाग फिका झाला असता तर हा आकडा १ कडे सरकला असता. डाग १३ आकड्यांनी उजळला आणि त्याच्याबरोबर सगळा गालही उजळला. म्हणजे या जोडीत औषधाचा फरक दिसत नाही. सासूबाईंची नजर बरोबर निघाली, कारण फोटो बाजूला ठेवून त्यांनी गाल पाहिला.

चिन्मय_ठाणे | १७ जून, रात्री ९:२०

काका, भागाकार आवडला. पण फोन नुसता उजेड वाढवत नाही, सावलीतला भाग जास्त उचलतो आणि उजळ भाग दाबतो. मग शेजारच्या त्वचेशी असलेलं प्रमाण तरी खरं कसं राहील?

लालबागचे_काका | १७ जून, रात्री ९:४४

बरोबर पकडलंस. म्हणून या आकड्याला मी पुरावा म्हणत नाही, इशारा म्हणतो. दोन्ही फोटोंत उजेड आणि फोनची मांडणी सारखी असेल तेव्हाच त्यावर विसंबावं. भिंगावर ठसा असेल तर प्रमाणही थोडं फिरतं, कारण तेलकट भिंग डागाचा गडदपणा शेजारी सांडतं. पण तो ठसा डाग फिका दाखवणारा होता, तरीही आकडा हलला नाही.

तुझ्या हाताच्या अंतराबद्दल मात्र बोलतो. ताणलेला हात कोपराच्या आणि खांद्याच्या वळणावर पाच-सात सेंटीमीटर सहज इकडेतिकडे होतो. इतक्या जवळून चेहऱ्याचा आकारच बदलतो. अमेरिकेत २०१८ साली याचा हिशोब छापून आला होता. बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक फुगलं की गाल मागे वळतात, त्यांच्यावर उजेड तिरका पडतो, आणि तोच डाग वेगळा दिसतो.

रिंगलाइटचं तू निम्मं बरोबर बोललास. समोरून सपाट उजेड असेल तर रंगाचे डाग नीट दिसतात, सईला ते चालेल. पण मुरमांचे खड्डे बघायचे असतील तर तोच उजेड खड्डे पुसून टाकतो. तिथे बाजूचा उजेड लागतो.

वसईकर | १७ जून, रात्री १०:१०

खड्ड्यांवरून माझी गोष्ट. मी सहा महिने सिरम लावून फोटोत खड्डे गेलेले दाखवत होतो. बायकोने लक्षात आणून दिलं की पहिल्या फोटोत दाढी केलेली आहे आणि शेवटच्यात चार दिवसांची आहे. त्या खुंटांनी खड्डे झाकले होते. आता फोटोआधी आदल्या रात्री दाढी, सकाळी नाही, कारण सकाळी केली की तासभर लालसर राहते.

त्वचा_निवासी | १७ जून, रात्री ११:५०

ओपीडीतून आत्ता सुटले, म्हणून उशीर. मी त्वचारोगाची निवासी डॉक्टर आहे. इतर गोष्टींआधी शुभदाताईंशी बोलायचंय.

ताई, तीन आठवड्यांत वांग उतरवणाऱ्या आणि न विचारता मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आक्रसतात आणि चेहरा झटकन गोरा दिसतो. तुमचा फोटो अगदी प्रामाणिक असेल, फरकही खरा असेल. पण लक्ष न ठेवता लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि थांबवलं की वांग पुन्हा उमटतं. ट्यूब हातात घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा. कशी थांबवायची ते तेच सांगतील. आणि कृपा करून नाव कुणाला व्यनि करू नका.

सईताई, सहा आठवड्यांत तपकिरी डागांत फरक न दिसणं अगदी नेहमीचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी तीन-चार महिने सांगितलेत ते उगाच नाही. औषध सोडू नका. आणि फोटो दर चार आठवड्यांनीच काढा. पाळीच्या आधी पुटकुळ्या वाढतात, चेहरा तेलकट होतो. पाळी साधारण नियमित असेल तर चार आठवड्यांनी महिन्याची तीच अवस्था येते.

शुभदा_पार्ले | १८ जून, सकाळी ८:०५

डॉक्टर, रात्रभर झोप लागली नाही. ट्यूबवर तुम्ही म्हणालात तीच तीन नावं आहेत. गालावर बारीक लाल रेघाही आहेत, मला वाटत होतं की गोरेपणामुळे दिसतात. शनिवारची वेळ घेतली. सई, तुझ्या धाग्यात मी भलताच विषय आणला, राग मानू नकोस.

सई_गिरगाव | १८ जून, सकाळी ८:३०

शुभदाताई, राग कसला. बरं झालं तुम्ही बोललात.

काका, आता नव्याने सुरुवात करते. काय करू सांगा. घरात कॅमेरा नाही, ट्रायपॉड नाही, दोन खोल्यांत चौघं राहतो.

लालबागचे_काका | १८ जून, सकाळी १०:४०

दोन खोल्या पुरतात. खिडकी सोड. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकीतला उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो. रात्रीची वेळ घे, पडदे ओढ, आणि भिंतीवरच्या एकाच ट्यूबलाइटखाली काढ. बाकीचे दिवे आणि टीव्ही बंद. ट्यूबकडे तोंड करून उभी राहा म्हणजे उजेड समोरून, जरासा वरून येईल. फरशीवर दोन्ही पायांच्या टाचांशी चिकटपट्टी लाव.

फोन कपाटाच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला, मागचा कॅमेरा तुझ्याकडे. फळीवर फोनच्या कडांनी पेन्सिलने रेघ ओढून ठेव. फोनखाली एक दोरा बांध आणि ८० सेंटीमीटरवर गाठ मार. गाठ हनुवटीला लागली की अंतर झालं, मग दोरा सोड आणि दहा सेकंदांचा टायमर. झूम करू नकोस. चेहरा छोटा आला तर नंतर कापून घे. झूम केलं की काही फोन कमी उजेडात गुपचूप भिंग बदलतात आणि तुला पत्ताही लागत नाही.

फोनमध्ये Pro मोड असेल तर शटर १/५०, आयएसओ २०० पासून सुरू कर, व्हाइट बॅलन्स ५०००, आणि हे आकडे वहीत लिही. चेहरा फार काळा किंवा पांढरा आला तर फक्त आयएसओ बदल, आणि एकदा ठरला की पुन्हा हात लावू नकोस. १/५० का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर फार जलद ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात आणि प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा.

आता पांढऱ्याची खूण. झेरॉक्सचा कागद धरू नकोस. त्यात निळसर चमक आणणारं रसायन असतं, ते वेगवेगळ्या उजेडात वेगवेगळं वागतं. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप आण, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दहा-बारा थर गुंडाळ, खालचा पुठ्ठा दिसेनासा होईपर्यंत. तो तुकडा हनुवटीखाली, चेहऱ्याच्याच रेषेत धर. दर फोटोत त्याचे लाल, हिरवे, निळे आकडे सारखे आले तर उजेड आणि फोन दोघंही जागेवर आहेत. आकडे २५५ ला टेकले तर फोटो जास्त उजळ झालाय, आयएसओ कमी कर.

कल्याण_लोकल | १८ जून, दुपारी १:१५

काका, मी खोलीत पाच जणांबरोबर राहतो. आठ वाजता ट्यूब लावून पडदे ओढले तर पाचही जण विचारतील काय चाललंय. बाथरूममधल्या दिव्याखाली चालेल का?

लालबागचे_काका | १८ जून, दुपारी २:००

चालेल. फक्त तो दिवा थेट डोक्यावर नसावा, नाहीतर डोळ्यांखाली आणि गालांवर सावल्या पडतील. आणि अंघोळीआधी काढ. गरम पाण्याने चेहरा लाल होतो, वाफेने भिंग धुरकट होतं. दिवा गेला आणि नवा लावलास तर वहीत तारीख लिही. पांढरा दिवा म्हटला तरी दोन पांढरे दिवे क्वचितच सारखे असतात.

त्वचा_निवासी | १८ जून, संध्याकाळी ६:२०

चेहऱ्याच्या तयारीचं मी सांगते. साध्या फेसवॉशने धुवायचा, टॉवेलने न घासता टिपायचा, मग वीस मिनिटं पंख्याखाली नुसतं बसायचं. धुतल्यावरचा लालपणा तेवढ्यात उतरतो. काही लावायचं नाही. मॉइश्चरायझर लावलेली त्वचा चकाकते आणि त्या चकाकीखाली डाग लपतात. कुंकू किंवा टिकली काढा, केस पट्ट्याने मागे. काजळ असेल तर आदल्या रात्रीच काढा, कारण पुसताना ते गालावर पसरतं आणि डोळ्यांखालची काळसर छटा वाढल्यासारखी वाटते. दर वेळी तोच पांढरा किंवा राखाडी टीशर्ट. लाल गाऊन घातला तर जबड्याखाली लाल झाक येते. आयब्रो किंवा वरच्या ओठाचं थ्रेडिंग केलं असेल तर दोन दिवस थांबा.

आणि मुंबईची एक गंमत. मेमध्ये ऊन लागून चेहरा काळवंडतो, पावसाळ्यात तो आपोआप उतरतो. मे ते जुलै कोणतंही औषध लावलं तरी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. उलट शेजारची त्वचा काळवंडली तर काकांचं प्रमाण सुधारलेलं दिसेल आणि डाग मात्र तसाच असेल. त्यासाठी हाताची आतली बाजू, जिथे ऊन लागत नाही, ती गालाजवळ धरून एक जास्तीचा फोटो घ्या.

अनघा_मुलुंड | १८ जून, रात्री ९:००

एवढं सगळं बघून माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. वीस मिनिटं पंख्याखाली, दोरा, टेप. याला काळजी म्हणायची की ध्यास? चार आठवड्यांनी एकदा असेल तर ठीक, माझ्या बहिणीसारखं रोज होऊ नये.

त्वचा_निवासी | १८ जून, रात्री ९:३५

अनघाताई, बहिणीबद्दलची तुमची काळजी खरी आहे. फोटो काढून झाला की तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि पुढच्या तारखेपर्यंत उघडू नका, असं मी रुग्णांना सांगते. ज्यांना तेही जमत नाही त्यांना फोटो काढू नका म्हणूनच सांगते.

लालबागचे_काका | १८ जून, रात्री १०:१५

सई, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच होतं. पहिल्या दिवशी एक फोटो काढून थांबू नकोस. तीन काढ. प्रत्येकाच्या मध्ये जागेवरून हल, फोन उचलून पुन्हा ठेव, दोरा पुन्हा लाव. तिन्ही फोटोंत डाग तोच आहे, औषधाचा फरक शून्य. तरी आकड्यांत जो फरक येईल तो तुझ्या मांडणीचा. पुढे औषधाचा फरक त्याहून मोठा आला तरच तो मोजायचा. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिला आठवडा मी त्याच्याकडून एवढंच करून घ्यायचो.

सई_गिरगाव | २१ जून, रात्री ११:१०

आज केलं. सासूबाईंनी दोरा धरला. तीन फोटोंचं प्रमाण : ०.८१, ०.७९, ०.८०. दुसऱ्या फोटोत मान थोडी खाली गेली होती.

लालबागचे_काका | २२ जून, सकाळी ७:३०

उत्तम. म्हणजे तुझी मांडणी ०.०२ पर्यंत हलते. पुढे ०.८२ आलं तर पेढे वाटू नकोस. मानेसाठी फळीवर फोनच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या उंचीला कागदाचा ठिपका चिकटव आणि त्याच्याकडे बघ. खिडकीतले जुने आकडे यात मिसळू नकोस, तो उजेड वेगळा होता.

चिन्मय_ठाणे | १९ जुलै, रात्री १०:४५

ताई, चार आठवडे झाले, काय आलं? मीही दोरा बांधला. जिमच्या दोन वर्षांच्या फोटोंतला निम्मा फरक हाताच्या कोनाचा निघाला.

सई_गिरगाव | २० जुलै, सकाळी ९:२०

काल काढले. ०.८१, ०.८३, ०.८२. काकांनी पेढ्यांना मनाई केलीय.

शुभदा_पार्ले | २० जुलै, सकाळी १०:००

माझंही सांगते. डॉक्टरांनी ती ट्यूब बंद केली. पहिले दोन आठवडे चेहरा लाल झाला आणि वांग आधीपेक्षा गडद वाटलं. फार खचले होते. आता लाली उतरतेय. मी पण टेफ्लॉनचा पुठ्ठा केलाय.

सई_गिरगाव | १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

आठ आठवडे झाले. त्याच ट्यूबखाली, तोच दोरा, तोच टीशर्ट. डाव्या गालाच्या डागाचं प्रमाण ०.८६, ०.८७, ०.८६. टेफ्लॉनचे आकडे जूनच्या जवळपास सारखे. हाताच्या आतल्या बाजूशी गालाच्या साफ त्वचेचं प्रमाण जूनमध्ये ०.८९ होतं, आजही ०.८९, म्हणजे शेजारची त्वचा काळवंडलेली नाही.

मग नवऱ्याने जूनचे तीन आणि आजचे तीन असे सहा फोटो तारखा काढून, उलटसुलट करून सासूबाईंसमोर ठेवले. त्यांनी एकेक हातात घेऊन दोन गठ्ठे केले. सहाही बरोबर. जबड्याजवळचे दोन डाग मात्र जसेच्या तसे आहेत, ०.७६ होते ते ०.७७.

त्वचा_निवासी | १६ ऑगस्ट, रात्री ११:२०

फार छान. जबड्याजवळचे हळू जात असतील तर त्याची कारणं बरीच असू शकतात. तिथे नवीन पुटकुळ्या येतायत का ते डॉक्टरांना सांगा. येत असतील तर जुना डाग उतरतोय आणि नवा पडतोय, आणि एका फोटोवरून ते कळत नाही.

लालबागचे_काका | १७ ऑगस्ट, सकाळी ७:०५

०.०२ ची हालचाल आणि ०.०६ चा फरक. हा मी मानतो. औषधाने झाला की दिवसांनी झाला हे मात्र या फोटोंतून कळणार नाही. डाग काही प्रमाणात आपोआपही फिके होतात. ते बघायला एका गालावर औषध आणि एकावर नाही असं करावं लागतं, आणि ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नसतं. पुढचा फोटो १३ सप्टेंबरला ना?

सई_गिरगाव | १७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

हो काका, पण एक अडचण आलीय. गणपती घरी येतात म्हणून पुढच्या आठवड्यात खोलीला रंग काढतोय. सासूबाईंनी फिका आंबा रंग निवडलाय. आत्ता भिंती पांढऱ्या आहेत. ट्यूबचा उजेड त्या भिंतींवरून माझ्यावर येतो ना?

लालबागचे_काका | १७ ऑगस्ट, सकाळी ९:००

येतो, चांगलाच येतो. रंगारी यायच्या आदल्या रात्री तीन फोटो काढ. रंग वाळला की लगेच, त्याच आठवड्यात, आणखी तीन. पाच-सहा दिवसांत डाग फारसा बदलत नाही, तेव्हा त्या दोन संचांत जो फरक येईल तो भिंतीचा. टेफ्लॉनच्या आकड्यांत निळा खाली आलेला दिसेल. फार आला तर फोटोच्या वेळी दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी टांग. आणि फळीवरची पेन्सिलची रेघ रंगाऱ्याला पुसू देऊ नकोस.

सई_गिरगाव | १७ ऑगस्ट, सकाळी ९:१२

रेघेवर आत्ताच चिकटपट्टी लावली. चादरी सासूबाई काढून ठेवतायत.